पॉलिसीवरच्या दोन तारखा

गेल्या जुलैत कराडच्या एका गॅरेजमध्ये मी एका स्कूटरची पाहणी करत होतो. माझं काम मोटार सर्व्हेअरचं. अपघातातली गाडी बघायची, नुकसान किती झालं आणि त्यातलं विमा कंपनीनं किती द्यायचं याचा अहवाल लिहायचा. शेजारीच एक मोटरसायकल उभी होती. पुढचं चाक वाकडं, हेडलाइट फुटलेला, टाकीला पोचा. तिच्याजवळ थांबलेला तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा पुढे आला आणि म्हणाला, "साहेब, जमलं तर माझीपण गाडी बघून घ्या. रात्री म्हैस आडवी आली. इन्शुरन्स आहे, पाच वर्षांचा."

त्यानं मोबाइलवर पॉलिसी उघडून दाखवली. गाडी मार्च २०२३ ची. पहिल्याच पानावर दोन ओळी होत्या. एकीत थर्ड पार्टी विम्याची मुदत मार्च २०२८ पर्यंत. तिच्या वरच्या ओळीत, 'ओन डॅमेज' म्हणजे गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्याची मुदत, ती मार्च २०२४ लाच संपलेली. शोरूममध्ये त्याला "पाच वर्षं बघायला नको" असं सांगितलं होतं. गॅरेजचं एस्टिमेट १४,२०० रुपयांचं होतं आणि त्यातला एक रुपयाही त्याला मिळणार नव्हता. हे त्याला सांगताना मला वाईट वाटलं, कारण त्यानं विमा टाळला नव्हता. आपल्याकडे विमा आहे अशीच त्याची समजूत होती.

ही चूक मी आठवड्यातून एकदा तरी बघतो, म्हणून आधी तिचं मूळ सांगतो. दुचाकी घेताना पहिल्या वर्षी विमा निघायचा आणि नंतर अनेक मालक तो भरायचेच नाहीत. अशा गाडीनं कुणाला उडवलं की जखमीला भरपाई कुठून मिळणार, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम काढणं सक्तीचं झालं. सक्ती फक्त थर्ड पार्टीची आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा शोरूममधून बहुधा एकाच वर्षाचा जोडून मिळतो. दोन्ही एकाच कागदावर येतात, गाडीची रक्कमही एकत्र भरली जाते, आणि डोक्यात 'पाच वर्षं' एवढंच राहतं. पहिलं वर्ष संपलं की फक्त ओन डॅमेजची पॉलिसी दरवर्षी वेगळी घ्यावी लागते. सप्टेंबर २०१९ पासून ती स्वतंत्रपणे मिळते, आणि दुसऱ्या कंपनीकडूनही घेता येते.

आता या दोन विम्यांत फरक काय ते बघू. थर्ड पार्टी हा मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ खाली सक्तीचा आहे. तुम्ही आणि विमा कंपनी हे दोन पक्ष, आणि तुमच्या गाडीमुळे ज्याचं नुकसान झालं तो तिसरा. तुमच्या स्कूटरचा धक्का लागून रस्ता ओलांडणाऱ्या आजोबांचा पाय मोडला, तर त्यांची भरपाई हा विमा देतो. मृत्यू किंवा दुखापत असेल तर रकमेला वरची मर्यादा नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण जी ठरवेल ती. कुणाची गाडी, टपरी, भिंत अशा मालमत्तेचं नुकसान झालं तर दुचाकीच्या पॉलिसीत ते साधारण एक लाखापर्यंत धरतात. याचा हप्ता इंजिनाच्या क्षमतेवर सरकार ठरवतं, म्हणून तो सगळ्या कंपन्यांत सारखाच असतो. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरानं ७५ ते १५० सीसीच्या गाडीला वर्षाला ७१४ रुपये आणि १५० ते ३५० सीसीच्या गाडीला १,३६६ रुपये, जीएसटी वेगळा. त्यामुळे थर्ड पार्टी कुठे 'स्वस्त' मिळतो हे शोधण्यात अर्थ नाही. विम्याविना गाडी चालवली तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. खरा धोका मात्र दंडाचा नाही. न्यायाधिकरणानं आठ-दहा लाखांचा निवाडा दिला आणि विमा नसला, तर ती रक्कम मालकाच्या घरादारावर येते.

आपण ज्याला 'फुल इन्शुरन्स' किंवा 'फर्स्ट पार्टी' म्हणतो, त्यात थर्ड पार्टी आणि ओन डॅमेज दोन्ही असतात. अपघात, चोरी, आग, पूर, झाड पडणं, दंगल यांनी तुमच्या गाडीचं झालेलं नुकसान त्यातून मिळतं. २०१९ च्या ऑगस्टात कोल्हापूर-सांगलीत हजारो दुचाक्या पाण्याखाली गेल्या. ज्यांच्याकडे नुसता थर्ड पार्टी होता त्यांना गाडीचं काहीच मिळण्यासारखं नव्हतं. पुरात बुडालेल्या गाडीबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो: पाणी ओसरल्यावर तिला किक किंवा सेल्फ मारू नका. इंजिनात पाणी असताना चालू केल्यानं कनेक्टिंग रॉड वाकला, तर ते पुराचं नुकसान नाही, ते चालू करण्यामुळे झालं, असं म्हणून कंपनी तो भाग नाकारते. गाडी ढकलत गॅरेजला न्या.

या दोन्हींशिवाय पॉलिसीत तिसरी एक गोष्ट असते, मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा. थर्ड पार्टी इतरांसाठी, ओन डॅमेज गाडीसाठी. हा चालवणाऱ्या मालकाच्या जिवासाठी. गाडी त्याच्या नावावर हवी आणि त्याच्याकडे चालू लायसन्स हवं. तुमच्याकडे आधीच १५ लाखांची वेगळी अपघात पॉलिसी असेल तर हा पुन्हा घ्यायची सक्ती नाही. पण 'पैसे वाचतात' म्हणून एजंटनं तो परस्पर वगळलेला नाही ना, हे बघून घ्या.

राहिला मागच्या सीटवरचा माणूस. आपल्याकडे दुचाकीवर एकटा माणूस क्वचितच दिसतो. मागे बायको, आई, मित्र कुणीतरी असतंच. नवऱ्याच्या हातून गाडी घसरली आणि मागे बसलेल्या बायकोच्या डोक्याला मार लागला, तर तिला विमा मिळतो का? बहुतेकांना वाटतं, ती 'थर्ड पार्टी'च झाली. पण ज्या पॉलिसीत फक्त कायद्यानं सक्तीचा थर्ड पार्टी विमा आहे, तिच्यात मागे बसणारा धरला जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००६ साली टिळक सिंग यांच्या खटल्यात सांगितलं. पॅकेज म्हणजे फुल पॉलिसीत मात्र तो धरला जातो. विमा नियामकानं १६ नोव्हेंबर २००९ च्या परिपत्रकात तसं कंपन्यांना कळवलं, आणि २०१२ च्या बालकृष्णन खटल्यात न्यायालयानं ते परिपत्रक मानलं. अर्थात दुसऱ्या गाडीच्या चुकीनं अपघात झाला तर तुमच्या मागे बसलेली व्यक्ती त्या दुसऱ्या गाडीसाठी थर्ड पार्टीच असते. चूक आपल्याच गाडीची असेल तेव्हा ही फट उघडी पडते. म्हणून पॉलिसी घेताना 'पिलियन रायडर धरलाय का?' हा प्रश्न विचारा आणि उत्तर ईमेलवर लेखी घ्या. मागे बसणाऱ्याचा वैयक्तिक अपघात विमा थोड्या पैशांत पूरक म्हणूनही जोडता येतो.

आता ज्या स्कूटरसाठी मी त्या गॅरेजमध्ये गेलो होतो तिच्याकडे येतो. गाडी एका शिक्षिकेची, १२५ सीसीची, मे २०२२ मध्ये घेतलेली. त्यांनी मात्र दरवर्षी मे महिन्यात ओन डॅमेजची पॉलिसी न चुकता घेतली होती. शाळेतून येताना सर्व्हिस रोडवर पसरलेल्या खडीवरून गाडी घसरली आणि दुभाजकावर आदळली. मॅडमना गुडघ्याला खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं.

त्यांनी काय काय केलं ते क्रमानं सांगतो, कारण माझ्या अनुभवात क्लेम बिघडतो तो पहिल्या दोन तासांत. गाडी उचलण्याआधी त्यांनी मोबाइलवर चार-पाच फोटो काढले. त्यातल्या एकात नंबर प्लेट, खडी आणि दुभाजक एकत्र दिसत होते. असा एक फोटो माझ्यासारख्याला दहा पानांच्या निवेदनापेक्षा जास्त सांगतो. मग रस्त्याच्या कडेला बसूनच त्यांनी कंपनीच्या टोल फ्री नंबरवर फोन केला. बहुतेक पॉलिसींत अपघात 'ताबडतोब' कळवा असं लिहिलेलं असतं, आणि कंपन्या २४ ते ४८ तासांची अपेक्षा ठेवतात. फोननंतर एसएमएसवर क्लेम नंबर आला. हा नंबर म्हणजे तुमच्या हातातली पावती. तो मिळेपर्यंत फोन ठेवू नका.

पोलिसांत त्या गेल्या नाहीत, आणि त्याची गरजही नव्हती. फक्त आपलीच गाडी आपटली, दुसऱ्या कुणाला इजा नाही, दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान नाही, तर साध्या दुरुस्तीच्या क्लेमला सहसा एफआयआर लागत नाही. कुणी जखमी झालं, दुसऱ्याचं नुकसान झालं किंवा गाडी चोरीला गेली, तर पोलिसांत नोंद हवीच.

मग त्यांनी गाडी गॅरेजला आणली आणि मेकॅनिकला स्पष्ट सांगितलं, "सर्व्हेअर येईपर्यंत काही खोलू नका." ही सूचना फार मोलाची. अनेकदा मी पोचतो तेव्हा फुटलेले पॅनल भंगाराच्या पोत्यात गेलेले असतात आणि गाडीला नवे लागलेले असतात. मग मी काय बघायचं? न बघितलेल्या भागाचे पैसे मला अहवालात धरता येत नाहीत. गॅरेजवाल्यानं लवकर हात घातला आणि मालकाचे हजार-दोन हजार बुडाले, असं पुष्कळदा होतं.

पाहणीत मी आधी अपघाताचं वर्णन आणि गाडीवरच्या खुणा जुळतात का ते बघतो. मॅडम म्हणाल्या, डाव्या बाजूला पडले. डाव्या पॅनलवर पुढून मागे गेलेले ओरखडे होते, फूटरेस्टची कड घासलेली होती, हँडलचं डावं टोक खरवडलेलं होतं. सगळं जुळलं. पण उजव्या पॅनललाही एक तडा होता. नुकतंच तुटलेलं प्लास्टिक कडेला स्वच्छ, फिकट दिसतं. या तड्यात मात्र ग्रीस आणि धूळ बसून काळी रेघ झाली होती. मी काही विचारण्याआधीच मॅडम म्हणाल्या, "तो जुना आहे, धरू नका." तो मी धरला नाही. जुनं मोडलेलं नव्यात घालायचा प्रयत्न केला तर सर्व्हेअरला बाकीच्या खऱ्या नुकसानीबद्दलही शंका येऊ लागते, हे लोकांच्या लक्षात येत नाही.

आरसी, लायसन्स, पॉलिसी, गॅरेजचं एस्टिमेट आणि भरलेला क्लेम फॉर्म एवढेच कागद लागले. लायसन्स गाडी चालवणाऱ्याचं लागतं, मालकाचं नव्हे, आणि अपघाताच्या दिवशी ते चालू असायला हवं. सतरा वर्षांच्या मुलाच्या हातात स्कूटर दिली आणि ती आपटली, तर ओन डॅमेजचा क्लेम नाकारला जातो. त्याच्या हातून दुसरा कुणी जखमी झाला, तर कंपनीला आधी जखमीला पैसे देऊन नंतर ते पालकाकडून वसूल करण्याचा आदेश न्यायाधिकरण देऊ शकतं.

बिल झालं १०,५०० रुपये. पुढचा ॲप्रन, डावा पॅनल, मडगार्ड आणि हेडलाइट मिळून प्लास्टिकचे ६,०००, वाकलेला फोर्क आणि हँडल मिळून धातूचे ३,२००, मजुरी १,३००. यातून घसारा वजा होतो. रूढ कोष्टकाप्रमाणे प्लास्टिक, रबर, टायर आणि बॅटरीला, गाडी कितीही नवी असली तरी, ५० टक्के घसारा. धातूच्या भागांना गाडीच्या वयाप्रमाणे, आणि तीन ते चार वर्षांच्या गाडीला तो २५ टक्के. म्हणजे प्लास्टिकचे ३,००० मिळाले, धातूचे २,४००, मजुरी पूर्ण १,३००. बेरीज ६,७००. त्यातून पॉलिसीत ठरलेला १०० रुपयांचा सक्तीचा वाटा वजा होऊन कंपनीनं दिले ६,६००, आणि मॅडमनी गॅरेजला भरले ३,९००. गॅरेज कंपनीच्या यादीतलं होतं, म्हणून कॅशलेस झालं. तसं नसतं तर त्यांनी पूर्ण बिल भरून, पावत्या आणि रद्द केलेला चेक देऊन आपला वाटा खात्यावर घेतला असता.

आजची स्कूटर म्हणजे लोखंडी सांगाड्यावर चढवलेलं प्लास्टिक. म्हणून ५० टक्क्यांचा घसारा दुचाकीवाल्याला फार लागतो. 'झिरो डेप' नावाचं पूरक घेतलं असतं तर मॅडमना १०,४०० मिळाले असते. ते सहसा पहिल्या काही वर्षांच्याच गाड्यांना मिळतं आणि वर्षात दोनेक क्लेमपुरतं असतं. माझं मत विचाराल तर नव्या स्कूटरला पहिली तीन वर्षं ते घ्यावंच.

मॅडमचा खरा प्रश्न मात्र वेगळाच होता. मी निघताना त्यांनी विचारलं, "क्लेम केला तर माझा नो क्लेम बोनस जाईल. मग करू की नको? सगळे म्हणतात, बोनस घालवू नका."

एनसीबी म्हणजे क्लेम न करता वर्ष काढल्याबद्दल पुढच्या हप्त्यावर मिळणारी सूट. पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनंतर ५० टक्के; त्यापुढे ती वाढत नाही. एक क्लेम केला की पुढच्या नूतनीकरणाला शून्य आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. विसरलं जातं ते हे की ही सूट फक्त ओन डॅमेजच्या हप्त्यावर असते. थर्ड पार्टीच्या हप्त्यावर आणि १५ लाखांच्या अपघात विम्यावर तिचा काही परिणाम नाही. आणि दुचाकीचा ओन डॅमेजचा हप्ता मुळातच लहान असतो.

तो लहान का, तेही बघू. हप्ता लागतो तो गाडीच्या आयडीव्हीवर, म्हणजे विम्यासाठी धरलेल्या तिच्या आजच्या किमतीवर. कंपनीच्या यादीतल्या किमतीतून वयाप्रमाणे वजावट होते: तीन ते चार वर्षांच्या गाडीला ४० टक्के, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५०. मॅडमच्या स्कूटरची यादीतली किंमत ९०,००० होती, म्हणून आयडीव्ही ५४,०००. त्यावर ओन डॅमेजचा हप्ता ९०० रुपयांच्या आसपास. तीन वर्षं क्लेम नसल्यानं ३५ टक्के सूट मिळून त्यांनी भरले होते ५८५.

मी तिथेच त्यांच्या एस्टिमेटच्या मागच्या बाजूला हिशेब मांडला. पुढच्या मे महिन्यात आयडीव्ही ४५,००० होईल आणि मूळ हप्ता साधारण ७५०. क्लेम नसता तर ४५ टक्के सूट मिळून ४१२ भरावे लागले असते; क्लेम केला म्हणून पूर्ण ७५०. तोटा ३३८ रुपयांचा. त्याच्या पुढच्या वर्षी मूळ हप्ता ७०० धरला, तर ५० टक्क्यांनी ३५० ऐवजी २० टक्क्यांनी ५६०. तोटा २१० चा. तिसऱ्या वर्षी तो दीडशेच्या आसपास, चौथ्या वर्षी शंभराच्या आत, आणि पाचव्या वर्षी पंचवीस-तीस रुपये. सगळं मिळून सव्वाआठशे, जीएसटी धरून हजाराच्या आत. तेवढ्यासाठी हातात येणारे ६,६०० रुपये सोडायचे? मॅडमनी लगेच क्लेम फॉर्मवर सही केली.

'बोनस घालवू नका' हा सल्ला चारचाकीवरून आलेला आहे. तिथे ओन डॅमेजचा हप्ताच दहा-पंधरा हजारांचा असतो, त्यामुळे ५० टक्के म्हणजे खरोखर मोठी रक्कम होते. अडीच लाखांच्या बाइकलाही हिशेब थोडा वेगळा येईल. पण नेहमीच्या स्कूटरला माझा साधा ठोकताळा असा: घसारा आणि शंभर रुपये वजा जाऊन हातात दीड हजारापेक्षा जास्त येणार असतील तर क्लेम करावा. नुसता आरसा आणि ब्रेकचा लिव्हर गेला, बिल ७०० झालं, तर मिळतील जेमतेम अडीचशे-तीनशे. तिथे करू नये. आणि हा हिशेब क्लेम टाकण्याआधी करायचा. दुरुस्तीचे पैसे खात्यावर आले की बोनस परत मिळवायचा मार्ग नाही.

एनसीबीच्या बाबतीत दोन गोष्टी मात्र जपायलाच हव्यात. पहिली, ओन डॅमेजची मुदत संपल्यापासून ९० दिवसांच्या आत नूतनीकरण झालं नाही तर साठलेली सगळी सूट जाते. दुसरी, हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी विकून नवी दुचाकी घ्यायची असेल तर कंपनीकडून एनसीबी राखून ठेवल्याचं पत्र घ्या. ते तीन वर्षं चालतं आणि नव्या गाडीच्या पहिल्याच हप्त्यात सूट मिळते. तुमची गाडी घेणाऱ्याला तो बोनस मिळत नाही. त्यानं १४ दिवसांत विमा आपल्या नावावर करायला अर्ज द्यायचा असतो. नुसती आरसी नावावर झाली आणि विमा जुन्याच नावावर राहिला तर त्याचा ओन डॅमेजचा क्लेम अडतो.

कंपनी बदलताना फॉर्मवर 'मागच्या वर्षी क्लेम केला होता का?' असा प्रश्न येतो. हप्ता कमी दिसावा म्हणून काही जण, किंवा त्यांच्या वतीनं फॉर्म भरणारे, 'नाही' असं टिकमार्क करून टाकतात. नवी कंपनी जुन्या कंपनीकडून खात्री करून घेते. तीन-चारशे रुपयांसाठी लिहिलेलं खोटं उघडं पडलं की ओन डॅमेजचा पुढचा पूर्ण क्लेम नाकारला जाऊ शकतो. ऑनलाइन पॉलिसी कुणाकडूनही काढून घेतलीत तरी तो रकाना स्वतः वाचा.

अपघातात दुसरा कुणी जखमी झाला तर रीत बदलते. आधी १०८ ला फोन करून जखमीला दवाखान्यात पोचवायचं आणि २४ तासांच्या आत पोलिसांना कळवायचं. तशी जबाबदारी कायद्यानंच चालकावर टाकली आहे. गर्दी जमते, कुणीतरी म्हणतं, "पाच हजार द्या आणि मिटवा." माणुसकीनं औषधपाण्याला पैसे दिले तर कुणी अडवणार नाही. पण भरपाईचं वचन देऊ नका, 'चूक माझी' असं कागदावर लिहून देऊ नका. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय जबाबदारी कबूल करायची नाही, ही पॉलिसीतलीच अट आहे. ती मोडली तर कंपनी हात वर करू शकते. दिलेले पाच हजार कंपनी परत करत नाही, आणि ते दिले म्हणून पुढचा दावा थांबतोच असंही नाही. जखमीची भरपाई न्यायाधिकरण ठरवतं. दावा अपघाताच्या किंवा राहत्या ठिकाणच्या न्यायाधिकरणात करता येतो, आणि कायद्यात त्यासाठी सहा महिन्यांची मुदत आहे. पोलिसांची किंवा न्यायाधिकरणाची नोटीस तुमच्या नावावर आली की त्याच दिवशी कंपनीला पाठवा. मालक गप्प बसल्यामुळे कंपनीला खटला वेळेत कळलाच नाही, अशी प्रकरणं मी पाहिली आहेत.

क्लेमला उशीर होत असेल तर तारखा मोजा. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे अपघात कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्यानं १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि तो मिळाल्यावर कंपनीनं ७ दिवसांत निर्णय कळवायचा. नाकारला तर कारण लेखी मागा आणि कंपनीच्या तक्रार कक्षाकडे अर्ज द्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. पुण्यात आणि मुंबईत त्यांची कार्यालयं आहेत, वकील लागत नाही, फी नाही.

त्या मुलानं १४,२०० रुपये हप्त्यांनी फेडले. गाडी दुरुस्त झाल्यावर कंपनीच्या माणसानं ती तपासली आणि ऑगस्ट २०२५ पासून त्याची ओन डॅमेजची पॉलिसी सुरू झाली. सव्वा वर्षाहून जास्त खंड पडल्यामुळे एनसीबीच्या रकान्यात शून्य आहे. मध्ये क्लेम झाला नाही तर यंदाच्या ऑगस्टमध्ये तिथे २० येईल.